मुलांच्या वाढदिवसाचं आमंत्रण: नाव नाचरं, तपशील ठळक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एप्रिल संपत आला की कोकणात घराघरांत चाकरमानी उतरतात. मुलांना सुट्टी असते आणि मे महिन्यातले वाढदिवस गावच्या घरी करायचे बेत ठरतात. आमंत्रणाचं कार्ड मग घरातलंच कुणी तरी फोनवर बनवतं. खाली आलेले प्रश्न अशाच लोकांचे आहेत. उत्तरं देताना सगळीकडे एकच नमुना धरला आहे. मुलीचं नाव तन्वी, पाचवा वाढदिवस, शनिवार ९ मे २०२६, गुहागर तालुक्यात पालशेतला, घराच्या खळ्यात. नाव आणि पत्ता फक्त नमुन्यापुरता.

सुरुवात कुठून करू? आधी चित्र निवडू की फॉन्ट?

दोन्ही नंतर. आधी मजकूर कागदावर लिहून काढा. बहुतेकजण आधी फुग्यांचं किंवा सिंहाचं तयार चित्र पसंत करतात आणि मग उरलेल्या जागेत पत्ता कोंबतात. अशा कार्डावर पत्ताच सगळ्यात बारीक होतो आणि पाहुण्याला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

आमच्या नमुन्याचा मजकूर असा ठरला:

तन्वी
पाच वर्षांची होतेय!
शनिवार, ९ मे २०२६
दुपारी ४.३० ते संध्याकाळी ७
औक्षण आणि केक ५.१५ वाजता
मधली वाडी, पालशेत, ता. गुहागर
देवळामागची पाखाडी चढून निळ्या बेड्याचं घर
येणार का, किती जण? बुधवार, ६ मेपर्यंत आईला कळवा
फोन आणि व्हॉट्सअॅप: (नंबर)

नऊ ओळी झाल्या. यापेक्षा जास्त ओळी झाल्या तर कविता काढा, ‘आपली उपस्थिती हीच शोभा’ काढा, दोन्ही बाजूंच्या काकामामांची यादी काढा. लग्नपत्रिकेत या गोष्टी शोभतात. लहान मुलाच्या कार्डावर त्या तारखेची जागा खातात.

‘पाचवा वाढदिवस’ लिहायचं सोडून ‘पाच वर्षांची होतेय’ का?

दोन्ही बरोबरच आहे. पण ‘पाच वर्षांची होतेय’ असं लिहिलं की भेटवस्तू किंवा कपडे घेणाऱ्याला मोजावं लागत नाही. शिवाय ते वाक्य लहान मुलाच्या तोंडी शोभतं. घरात आजी तिथीने वाढदिवस करत असतील तर कार्डावर फक्त समारंभाची तारीख टाका. तिथी आणि तारीख शेजारी शेजारी छापल्या की हमखास दोन फोन येतात.

खेळकर मराठी फॉन्ट कुठला घ्यावा?

मोफत आणि नीट बनवलेले देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मिळतात. मी चार नावं सांगते. शोधताना ती रोमनमध्येच टाइप करावी लागतात: `Baloo 2`, `Modak`, `Yatra One` आणि `Mukta`. पहिला, दुसरा आणि चौथा मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचे आहेत.

मोदक नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे. अक्षरं इतकी फुगलेली की आतली पोकळी बारीक रेघेएवढी उरते. म्हणून तो मोठ्या आकारातच वापरायचा, आणि तोही एखाद्या शब्दाला. त्यात पत्ता लिहिलात तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ एकमेकांत मिसळतील. बलू गोलसर आहे, पण मोकळा आहे, त्याची वजनं, म्हणजे बारीक ते जाड प्रकार, बरीच मिळतात, त्यामुळे नाव आणि तारीख दोन्ही त्यात बसतं. यात्रा वनची अक्षरं मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेली आहेत. मुलाला आगगाडीचं वेड असेल तर याहून चांगलं काही नाही. मुक्ता साधा आणि सरळ आहे. बारीक आकारातही तो वाचता येतो, म्हणून पत्ता आणि उत्तराच्या ओळी त्यात लिहायच्या.

माझा नियम कडक आहे. एका कार्डावर दोनच फॉन्ट, आणि खेळकर फॉन्ट फक्त नावाला, फार तर त्याखालच्या एका ओळीला. नाव कसंही नाचलं तरी आमंत्रण मिळणाऱ्यांना ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ते वाचायला त्रास होत नाही. तारीख आणि पाखाडी मात्र त्यांना पहिल्यांदा कळणार असते, म्हणून तिथे साधी अक्षरं.

इंग्रजी कार्डांवर अक्षरं वरखाली उड्या मारतात. देवनागरीत तसं करता येतं का?

येतं, पण कुठे तोडायचं ते कळलं पाहिजे. देवनागरीत अक्षरं शिरोरेखेने जोडलेली असतात आणि काना, मात्रा, वेलांटी, रफार आपापल्या अक्षराला चिकटून असतात. त्यामुळे शब्दाचे तुकडे उच्चारानुसारच करायचे. ‘तन्वी’चे तुकडे दोन: ‘त’ आणि ‘न्वी’. ‘कार्तिकी’चे तीन: ‘का’, ‘र्ति’, ‘की’. ‘आर्या’चे दोन: ‘आ’ आणि ‘र्या’. ‘न्वी’तला अर्धा न वेगळा उचलला किंवा ‘र्या’चा रफार ‘आ’वर गेला की शब्द मोडला.

कृती अशी. प्रत्येक तुकडा वेगळ्या मजकूर चौकटीत टाइप करा. ‘त’ थोडा डावीकडे कलता ठेवा, ‘न्वी’ उजवीकडे. कल सात-आठ अंशांपेक्षा जास्त नको, कारण वेलांटी आडवी झाली की ती वेलांटी वाटत नाही. दोन तुकड्यांच्या शिरोरेखेत एक तर स्पष्ट फट ठेवा, नाही तर त्या पूर्ण जोडा. केसाएवढी फट राहिली तर ती छपाईची चूक वाटते.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा जो सरकपट्टा असतो, तो मराठी मजकुराला शून्यावरच ठेवा. तो ओढला की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. अॅपमधल्या तयार नमुन्यांत तो बऱ्याचदा आधीच ओढलेला असतो. मराठी टाइप केल्यावर अक्षरं सुटी दिसली तर आधी तिथे पाहा.

तुकडे करायचेच नसतील तर शिरोरेखेचाच उपयोग करा. ती दोन्ही बाजूंना कार्डाच्या कडेपर्यंत लांबवा आणि लांबवलेल्या भागाला पताका टांगा. नाव आपोआप पताकांच्या दोरीवर बसल्यासारखं दिसतं, आणि हे शिरोरेखा असलेल्या लिपीतच जमतं. मात्र पताका अक्षरांच्या खाली टांगू नका. ‘त’च्या खाली त्रिकोण आला की लांबून तो उकार वाटतो. तसाच शिरोरेखेच्या वर सोडलेला छोटा गोल फुगा अनुस्वार वाटतो, आणि ‘तन्वी’ची ‘तंन्वी’ होते. चित्रं नावाच्या डावी-उजवीकडे हवी तेवढी ठेवा, अक्षरांच्या लगेच वर आणि खाली नको.

‘तिसऱ्या’ लिहिलं की रफार का येतो?

कारण नेहमीचा र वापरला गेला. ‘सूर्य’मधला र्य वेगळा आणि ‘तिसऱ्या’मधला ऱ्य वेगळा. दुसऱ्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेलं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. ते टाइप करून मग हलन्त आणि ‘य’ दिला की बरोबर आकार येतो. फोनवरच्या मराठी कळफलकावर ‘र’ दाबून धरलं किंवा पुढच्या पानावर गेलं की हे ऱ बहुधा सापडतं.

वाढदिवसाच्या कार्डावर हे अक्षर वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा येतं: दुसऱ्या, तिसऱ्या, येणाऱ्यांनी, आणि आपल्याकडच्या पत्त्यांत तर पायऱ्या, किनाऱ्यालगत. म्हणून फॉन्ट ठरवायच्या आधी त्यात एक ओळ लिहून बघा: ‘तिसऱ्या शनिवारी किनाऱ्यावर श्रीकृष्ण’. ऱ्य नीट आलं का, ‘शनि’ची वेलांटी न च्या आधी बसली का, ‘श्री’ आणि ‘ष्ण’ जुळले का, हे एका नजरेत कळतं. वेलांटी न च्या नंतर गेली किंवा ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसलं, तर त्या अॅपला किंवा त्या फॉन्टला देवनागरी नीट जमत नाही. तिथे वेळ घालवू नका, अॅप बदला.

तारीख आणि वेळ कशी लिहावी?

वार, तारीख, महिना, वर्ष या क्रमाने, आणि महिना अक्षरांत: शनिवार, ९ मे २०२६. ‘९/५/२६’ लिहू नका. चाकरमान्यांपैकी कुणाची पोरं परदेशातून आली असतील तर त्यांना ते ५ सप्टेंबर वाटू शकतं. वार लिहिण्याचा फायदा असा की तारीख चुकली तर वार ती पकडून देतो. कार्ड पाठवण्यापूर्वी कॅलेंडरवर दोन्ही जुळतात का, हे बघायलाच हवं.

तारीख ठरवतानाच पंचांगही उघडा. आमच्या नमुन्यासाठी आधी पुढचा शनिवार सुचला होता, पण १६ मे २०२६ ला अमावास्या आहे. ज्या घरांत हे पाळतात, तिथली मंडळी तोंडावर काही बोलत नाहीत, नुसती येत नाहीत.

वेळेबाबत मी आग्रहाने सांगते की संपायची वेळ लिहा. गावात वाड्या लांबलांब असतात. दुसऱ्या वाडीतली मुलं पाणंदीने चालत घरी जातात, कुणाला शेवटची एसटी गाठायची असते, आणि दाभोळकडून येणाऱ्यांना धोपाव्याची फेरीबोट. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणून ‘संध्याकाळी ७’ ही संपायची वेळ योग्य. पालकांना ती दिसली की मुलाला एकटं सोडायचं की थांबायचं, हेही ठरवता येतं.

औक्षण आणि केकची वेळ वेगळी दिली आहे, तीही विचारपूर्वक. आपल्याकडे ‘४.३०’ म्हटलं की लोक सव्वापाचला निघतात. ‘५.१५ ला औक्षण’ असं लिहिलं की आत्या आणि मावशी तरी वेळेवर येतात, कारण ओवाळायचं त्यांनाच असतं.

‘दुपारी’, ‘संध्याकाळी’ हे शब्द गाळू नका. आणि एक बारीक गोष्ट: ‘९’ आणि ‘मे’ वेगवेगळ्या ओळींवर जाऊ देऊ नका. ओळ तोडायचीच असेल तर ‘शनिवार,’ नंतर तोडा. नऊचा आकडाही तपासा. काही सजावटी फॉन्टमध्ये ९ आणि १ जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून तारीख साध्या फॉन्टच्या जाड वजनात लिहिणं बरं.

आमच्या घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. पत्ता काय लिहू?

तुमच्या वाडीत पहिल्यांदाच येणारा माणूस मुख्य रस्त्यावरून उतरतो तिथून सुरुवात करा आणि तो जे बघेल ते क्रमाने लिहा. वाडी, गाव, तालुका ही झाली पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत शेवटच्या टप्प्याच्या दोनच खुणा. देऊळ, शाळा, साकव, पाखाडी, चिऱ्याचा गडगा या टिकणाऱ्या खुणा आहेत. ‘आंब्याच्या झाडाशेजारी’ ही खूण आपल्याकडे निरुपयोगी आहे, आणि ‘अमक्याच्या टपरीसमोर’ हीही, कारण दुपारी टपरी बंद असते. आमच्या नमुन्यात ‘देवळामागची पाखाडी’ आणि ‘निळ्या बेड्याचं घर’ या दोन खुणा पुरेशा झाल्या. बेडं म्हणजे काय, हे मुंबईच्या मुलांना कळणार नाही अशी शंका असेल तर ‘निळं फाटक’ लिहा.

गाडी पाखाडीखाली लावावी लागत असेल तर तेही सांगा, पण कार्डावर नको. ते सोबतच्या संदेशात जातं. फोनवरचं लोकेशन पाठवताना घराच्या खळ्यात उभं राहून घ्या आणि पाठवण्यापूर्वी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. झाडीत आणि डोंगरउतारावर खूण बाजूच्या वाडीत पडल्याचं बऱ्याचदा दिसतं. आणि ज्या वळणावर रेंज जाते तिथे नकाशा उघडतच नाही, म्हणून लिहिलेल्या खुणा राहू द्याच.

मे महिन्यात वळीव येतो. समारंभ उघड्यावर असेल तर ‘पाऊस आला तर पडवीत’ एवढे चार शब्द संदेशात घाला. नाही तर ढग दिसले की ‘आहे ना कार्यक्रम?’ असे फोन सुरू होतात.

‘कळवावे’ लिहूनही कुणी कळवत नाही. काय करू?

‘कळवावे’ या एका शब्दात काय, कुणाला आणि कधीपर्यंत, यातलं काहीच नाही. चारही गोष्टी लिहा: येणार का, किती जण, कुणाला सांगायचं, कुठल्या दिवसापर्यंत. नंबर एकाच माणसाचा द्या. आई, बाबा आणि काका असे तीन नंबर दिले की प्रत्येकाला वाटतं उत्तर दुसऱ्याकडे गेलं असेल, आणि आकडा कुणाकडेच जुळत नाही.

मुदत समारंभाच्या तीन दिवस आधीची ठेवा. शनिवारचा समारंभ, बुधवारपर्यंत उत्तर. गुरुवारी केकचा आकार सांगता येतो, शुक्रवारी सामान आणता येतं. आठवडाभर आधीची मुदत दिली तर लोक ‘बघू’ म्हणतात आणि विसरतात.

उत्तर देणं जितकं सोपं, तितकी उत्तरं जास्त येतात. कार्ड हे चित्र असतं, त्यावरचा नंबर दाबून फोन लागत नाही. म्हणून कार्डाखाली पाठवायच्या संदेशात नंबर पुन्हा लिहा, आणि तिथे इंग्रजी आकडे वापरा, म्हणजे दाबताच फोन लागेल. व्हॉट्सअॅपवर थेट गप्पा उघडणारा दुवाही देता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

फुल्यांच्या जागी दहा आकडी नंबर. ९१ च्या आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये मोकळी जागा नको. दुवा स्वतः दाबून बघा.

संदेशाचा नमुना: ‘तन्वीच्या वाढदिवसाला येताय ना? बुधवारपर्यंत एवढंच लिहा: मुलं किती, मोठी माणसं किती. कुणाला शेंगदाणे, दूध किंवा अंडं चालत नसेल तर तेही सांगा.’ हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्या फराळात शेंगदाण्याचं कूट कशाकशात असतं, हे पाहुण्याच्या आईला ठाऊक नसतं.

रेंज नसलेल्या वाड्यांसाठी नंबर साध्या फोनचाही चालेल असा द्या, आणि गुरुवारी सकाळी उरलेल्यांना तुम्हीच फोन करा.

कार्डाचा आकार किती? अक्षरं केवढी ठेवू?

फोनसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल हा उभा आकार घ्या. गप्पांमध्ये खूप उंच चित्र वरखाली कापून दाखवलं जातं, हे त्यातून बहुतेक वेळा सुटतं. स्टेटससाठी १०८० बाय १९२० ची वेगळी प्रत लागते.

आता तन्वीचं कार्ड मांडून बघू. चारही बाजूंना ८० पिक्सेल मोकळे सोडले. नाव २४० आकारात. मराठी ओळीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरावी लागते. नाव एकटं असल्याने तिथे थोडी कमी, ३१० पुरली. ‘पाच वर्षांची होतेय!’ ६८ आकारात, उंची सुमारे १०२. तारीख आणि वेळ या दोन ओळी ७६ च्या, मिळून २२८. औक्षण, पत्त्याच्या दोन आणि उत्तराच्या दोन अशा पाच ओळी ५० च्या, मिळून ३७५. बेरीज १०१५. वरखालचे १६० मिळवले की ११७५. उरले १७५ पिक्सेल. ते तीन ठिकाणी वाटले: नावानंतर, वेळेनंतर आणि पत्त्यानंतर.

या हिशेबातून कळतं की चित्राला स्वतंत्र जागा उरतच नाही. चित्र नावाच्या दोन्ही बाजूंना आणि कोपऱ्यांत जातं. मोठं चित्र हवं असेल तर एखादी ओळ संदेशात हलवावी लागेल, अक्षरं बारीक करायची नाहीत. ५० हा आकार मी शेवटची मर्यादा मानते. फोनच्या पडद्यावर तो जेमतेम तीन मिलिमीटर होतो, आणि आजोबा कार्ड मोठं करून बघत नाहीत. उत्तराची ओळ लांब आहे, म्हणून ‘येणार का, किती जण?’ एका ओळीत आणि मुदत, नंबर दुसऱ्या ओळीत. वेळेची ओळ रुंदीत मावत नसेल तर ‘४.३० ते ७’ ठळक ठेवून ‘दुपारी’, ‘संध्याकाळी’ थोडे लहान करा, काढू नका.

रंग कुठले चांगले?

मुलांच्या कार्डाला भडक रंग हवेतच. अडचण फक्त अक्षर आणि मागचा रंग यांच्यातल्या फरकाची आहे. पांढऱ्यावर आंब्याचा पिवळा दिसत नाही. तोच पिवळा मागे पसरा आणि त्यावर गडद निळी अक्षरं लिहा, मग उन्हातही वाचता येतं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे कार्डाचा फोटो कृष्णधवल करून पाहणं. लाल अक्षर हिरव्यावर तेव्हा हमखास नाहीसं होतं. समुद्रकिनाऱ्याचा फोटो मागे टाकायचा असेल तर अक्षरं वाळूच्या किंवा आकाशाच्या सपाट भागावर ठेवा, लाटांवर नको.

चित्रासाठी माझी पहिली पसंती मुलाच्या स्वतःच्या चित्राला. तन्वीने काढलेली कुर्ली खिडकीशी उजेडात ठेवून फोटो काढा, मागचा कागद कापून टाका आणि ती नावाशेजारी बसवा. दूरचित्रवाणीवरच्या गाजलेल्या पात्रांपेक्षा ती जास्त गोड दिसते, आणि कुणाच्या हक्काचा प्रश्नही येत नाही.

व्हॉट्सअॅपवर पाठवलं की अक्षरं धूसर का होतात?

फोटो म्हणून पाठवलेलं चित्र अॅप दाबून लहान करतं, आणि कडा असलेल्या अक्षरांवर त्याचा परिणाम सगळ्यात आधी दिसतो. पाठवताना एचडी पर्याय निवडा. दुसरं कारण घरगुती आहे: कार्ड एका गटातून दुसऱ्या गटात, तिथून स्क्रीनशॉट, असं फिरत जातं. मूळ फाइल नीट जपा आणि प्रत्येक गटात तीच टाका.

स्टेटसला मात्र पत्ता आणि नंबर नसलेली प्रत लावा. तिथे कोण कोण बघतं, यावर आपला ताबा नसतो, आणि कार्डावर लहान मुलाचं नाव आणि घर दोन्ही असतं.

आजी-आजोबांसाठी छापील कार्डं हवीत. दुकानात काय सांगू?

ए६ आकार, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, आणि जाड कार्डाचा कागद. मागचा रंग कडेपर्यंत असेल तर तो चारही बाजूंना ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्या, नाही तर कापताना पांढरी रेघ राहते. मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवा. फोनवरचं १०८० पिक्सेलचं चित्र इथे पुरत नाही. ३०० डीपीआयला १२४० बाय १७४८ पिक्सेल लागतात, कापायची कड वेगळी. शिवाय आकाराचं प्रमाणही वेगळं असल्याने मांडणी पुन्हा जुळवावी लागते.

खरी अडचण फॉन्टची असते. बऱ्याच डीटीपीच्या दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट वापरतात. तुमचा मजकूर तिथे चिकटवला की चिन्हांची खिचडी होते, मग तो पुन्हा टाइप केला जातो आणि त्यात ‘पाखाडी’ची ‘पखाडी’ होते. म्हणून मजकूर देऊ नका, तयार पीडीएफ द्या, फॉन्ट आतच बसवलेला किंवा अक्षरांचे आकार केलेले. सगळी छापण्यापूर्वी एक प्रत काढून मागा आणि ती मोठ्याने वाचा. पडद्यावरचा झगमगता हिरवा किंवा गुलाबी कागदावर थोडा मंद येणारच, त्याबद्दल दुकानदाराशी वाद घालू नका.

‘ये’ लिहू, ‘या’ लिहू की ‘यावे’?

कार्ड तन्वीच्या तोंडी असेल तर ‘नक्की या हं!’ चालतं, कारण ते मित्रांनाही लागू आणि काकांनाही. ‘सस्नेह निमंत्रण’ आणि उड्या मारणारी अक्षरं एकत्र आणू नका, दोन्हींचा सूर बिघडतो. वडीलधाऱ्यांचा मान कार्डाने राखला जात नाही, तो फोनने किंवा घरी जाऊन राखला जातो. त्यांना आधी फोन करा, ‘काका, शनिवारी तन्वीला आशीर्वाद द्यायला या’ म्हणा आणि मग कार्ड पाठवा. भेटवस्तू नको असतील तर ‘फक्त आशीर्वाद आणा’ एवढंच संदेशात लिहा.

कार्ड गेल्यावर वेळ बदलली तर?

जुन्याच कार्डात आकडा बदलून पुन्हा पाठवू नका. दोन्ही कार्डं सारखीच दिसतात आणि अर्धे लोक जुनंच उघडतात. मागचा रंग बदला, पिवळ्याचा निळा करा, वर ठळक ‘बदललेली वेळ’ लिहा आणि नवीन वेळ सगळ्यात मोठी करा. पहिलं कार्ड जाऊन दोन दिवस झाले नसतील तर ते सगळ्यांसाठी काढून टाकता येतं, तेही करा. ज्यांनी आधीच ‘येतो’ म्हणून कळवलं आहे, त्यांना मात्र फोनच करा, कारण त्यांनी जुन्या वेळेवर एसटी आणि फेरीबोट ठरवलेली असते.